रंग जुळला, पण ग्रेन जुळला का?

जुन्या फोटोवरची चीर काढून घेतली की काम बहुधा चांगलं झालेलं दिसतं. मोबाइलवर पाहावं तर चीर कुठे होती तेही आठवत नाही. मग त्याच फोटोची मोठी प्रत छापून भिंतीवर लागते आणि एका ठरावीक जागी नजर अडखळू लागते. रंग शेजारच्या भागासारखाच आहे, उजेडही तोच आहे, कडेला रेघ नाही. तरी तेवढाच भाग कुणीतरी ओल्या बोटानं पुसल्यासारखा वाटतो. मोठ्या फोटोतला एक तुकडा काढून, दुरुस्त करून परत बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त फसगत होते ती इथं. लोक कडा लपवायला धडपडतात आणि खरा फरक मधल्या पोतात राहून जातो.

एक उदाहरण धरून चालू. घरातला लग्नाचा कृष्णधवल ग्रुप फोटो आहे, बारा इंच रुंद आणि दहा इंच उंच. तो 1200 डीपीआयला स्कॅन केला, म्हणजे इंचामागे 1200 पिक्सेल घेतले, तर फाइल 14400 गुणिले 12000 पिक्सेलची होते. एकूण सतरा कोटींहून अधिक पिक्सेल. फोटो कधीतरी दुमडला गेला होता, त्यामुळे खुर्चीवर बसलेल्या एका बाईंच्या खांद्यावरून पदरापर्यंत एक आडवी चीर गेली आहे. ती इंचभर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद आहे. स्कॅनमध्ये तिची लांबी 1200 पिक्सेल आणि रुंदी सुमारे 60 पिक्सेल भरते. चिरेखाली काही ठिकाणी फोटोचा थरच उडाला आहे, म्हणजे तिथली माहिती नाहीशी झाली आहे आणि ती नव्यानं भरायची आहे.

हे भरण्याचं काम माणूस हातानं, शेजारचा भाग उचलून करू शकतो, किंवा हल्लीच्या, चित्र नव्यानं तयार करणाऱ्या एआय साधनाकडून करवून घेऊ शकतो. या साधनांना मर्यादा असते. स्टेबल डिफ्यूजन एक्सएल हे मॉडेल 1024 गुणिले 1024 पिक्सेलच्या आसपासच्या चित्रांवर काम करण्यासाठी घडवलेलं आहे. फोटोशॉपमध्ये 2023 साली आलेलं जनरेटिव्ह फिलही सुरुवातीला साधारण एवढ्याच आकाराचा तुकडा बनवत असे आणि निवडलेली जागा त्याहून मोठी असली तर तोच ताणून बसवत असे. अशा साधनाला आपला 14400 पिक्सेलचा फोटो आख्खा दिला, तर तो आधी चौदा पटींनी लहान होईल. 60 पिक्सेलची चीर चार पिक्सेलची होईल आणि पदराच्या काठाची वीण दिसेनाशी होईल. साधन त्या लहान चित्रात चीर छान भरेल. पण ते पुन्हा चौदा पट मोठं केल्यावर काठाच्या जागी एक गुळगुळीत करडा पट्टा उरेल, कारण जी वीण साधनाला दिसलीच नाही ती ते परत कशी देणार?

म्हणून तुकडा कापायचा. पण किती मोठा, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. तुकडा चिरेला चिकटून कापला, तर भरणाऱ्याला आजूबाजूचं काही दिसत नाही; वरून आलेली पदराची निरी खाली कुठे जाते हे त्याला कळणार नाही. तुकडा फार मोठा घेतला, तर तो पुन्हा लहान करावा लागतो आणि बारकावा जातो. 2048 पिक्सेलचा तुकडा 1024 वर आणून, दुरुस्त करून परत 2048 केला, तर सर्वांत बारीक पोत कायमचा गमावलेला असतो. तुकडा बसवल्यावर तो जरासा धूसर दिसतो आणि त्याला कितीही धार दिली तरी गेलेला पोत परत येत नाही, कडाच फक्त कडक होतात.

आपल्या उदाहरणात यावर उपाय आहे. चीर एका तुकड्यात न घेता, आकार जराही न बदलता, 1024 पिक्सेलच्या दोन चौकोनांत घ्यायची. पहिल्या चौकोनाचा डावा वरचा कोपरा फोटोच्या डाव्या कडेपासून 6240 आणि वरच्या कडेपासून 7104 पिक्सेलवर. दुसऱ्याचा कोपरा त्याच उंचीवर, पण 768 पिक्सेल उजवीकडे, म्हणजे 7008 वर. दोन्ही चौकोन एकमेकांवर 256 पिक्सेल चढतात आणि मिळून 1792 पिक्सेलची लांबी झाकतात. चीर 1200 ची असल्यामुळे दोन्ही टोकांना तीनशेच्या आसपास पिक्सेल चांगला भाग मिळतो, आणि वर-खाली तर पावणेपाचशेहून जास्त. एवढ्यात निऱ्यांची दिशा आणि काठाची वीण दोन्ही कळते. मात्र दुसरा चौकोन मूळ स्कॅनमधून कापायचा नाही. पहिला तुकडा दुरुस्त होऊन परत बसल्यावर त्या नव्या फोटोतून तो कापायचा. म्हणजे चढलेल्या 256 पिक्सेलांत भरणाऱ्याला आधी झालेलं काम दिसतं आणि तो तिथूनच पुढे जातो. दोन्ही तुकडे एकाच वेळी स्वतंत्रपणे करून घेतले, तर मधोमध काठाची नक्षी एकमेकींना भेटत नाही.

हे जमण्याची एक अट आहे: हरवलेली गोष्ट तुकड्यापेक्षा बरीच लहान असली पाहिजे. चिरेऐवजी फोटोचा आख्खा कोपरा फाटून गेला असेल आणि त्यात कुणाचा हात गेला असेल, तर 1024 पिक्सेलच्या चौकोनात हात कुठून आला आणि कुठे गेला हेच कळणार नाही. तिथं काम दोन टप्प्यांत होतं. आधी मोठा भाग लहान करून हाताचा नुसता आकार आणि छायाप्रकाश ठरवायचा. मग तो मोठा करून, मूळ मापाच्या चौकोनांत फिरून त्याच्यावर पोत चढवायचा.

कोपऱ्याचे आकडे लिहून ठेवायचे, शक्य तर तुकड्याच्या फाइलच्या नावातच. तुकडा परत ठेवताना नजरेनं सरकवून जुळवू लागलात, तर अर्ध्या-एका पिक्सेलची चूक राहते आणि तेवढ्यानंही वीण दुहेरी दिसते. वरचे सगळे आकडे आठाच्या पाढ्यातले आहेत, तेही उगाच नाही. ही मॉडेल पिक्सेलांवर थेट काम करत नाहीत. ती चित्राची प्रत्येक बाजू आठ पटींनी आवळून एक सारांश बनवतात, त्या सारांशात फेरफार करतात आणि तो पुन्हा उलगडून चित्र देतात. तुकड्याचं माप आठानं भागत नसेल, तर साधन गुपचूप काही पिक्सेल कापतं किंवा जोडतं, आणि परत आलेला तुकडा जागेवर नेमका बसत नाही.

या आवळण्या-उलगडण्याचा परिणाम त्याहून खोल आहे. चौकोनातला जो भाग बदलायला आपण सांगितलंच नव्हतं, तोही जसाच्या तसा परत येत नाही. मंगळसूत्राचे मणी किंचित वितळतात, ग्रेन मऊ होतो, एकूण उजेड दोन-तीन पातळ्यांनी सरकतो. म्हणून परत आलेला आख्खा चौकोन फोटोवर कधीच ठेवायचा नाही. चिरेभोवती मास्क काढायचा, म्हणजे ‘एवढीच जागा बदलायची’ असं सांगणारा एक साचा. चिरेचे 60 पिक्सेल आणि दोन्ही बाजूंना पंधरा-सोळा. नव्या चौकोनातून तेवढंच घ्यायचं आणि बाकी सगळं मूळ स्कॅनमधलं ठेवायचं. काही साधनांत ही सोय असते: ऑटोमॅटिक1111 या प्रचलित प्रोग्रॅममध्ये `Only masked` निवडलं की तो मास्कच्या भोवतीचा भाग आपणच कापतो, दुरुस्त करतो आणि परत चिकटवतो. पण तिथंही मास्कभोवती किती जागा घ्यायची आणि कडा किती मऊ करायची हे आकडे आपल्यालाच ठरवावे लागतात, आणि मुळात भरलेले आकडे एवढ्या मोठ्या फोटोसाठी फार लहान असतात.

आता खरं काम सुरू होतं. मास्कच्या आतला नवा पोत आणि बाहेरचा जुना पोत यांची सांधणी करायची आहे. सर्वांना माहीत असलेला मार्ग म्हणजे फेदर: मास्कची कड हळूहळू विरळ करायची, म्हणजे काही पट्ट्यात जुनं आणि नवं एकमेकांत मिसळतं. कड दिसली की लोक फेदर वाढवतात, तरी दिसली की आणखी वाढवतात. मोठ्या फोटोत नेमकी हीच गोष्ट घात करते, आणि त्यामागचं गणित साधं आहे.

ग्रेन म्हणजे काय? सपाट करड्या भागातही शेजारशेजारचे पिक्सेल थोडे गडद, थोडे फिकट असतात. सरासरीपासूनचं ते इकडे-तिकडे होणं म्हणजे ग्रेन. नव्या तुकड्यात अगदी मूळ फोटोएवढाच ग्रेन असला, तरी त्याचे कण वेगळ्या जागी पडलेले असतात. फेदरच्या मधोमध आपण दोघांची निम्मी-निम्मी सरासरी घेतो, तेव्हा एकाचा गडद कण दुसऱ्याच्या फिकट कणावर पडतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. हिशेब केला तर ग्रेनचा जोर तिथं सुमारे 71 टक्क्यांवर येतो. म्हणजे फेदर जितका रुंद, तितका रुंद गुळगुळीत पट्टा आपण स्वतःच तयार करतो. फेदर अगदी कमी केला, तर उजेडातल्या दोन-तीन पातळ्यांच्या फरकाची रेघ उमटते. एकाच आकड्यानं दोन्ही साधत नाही.

ही अडचण एआयच्या फार आधीची आहे. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी 1983 साली तिच्यावर उत्तर मांडलं. अर्धं सफरचंद आणि अर्धं संत्रं सांधून केलेलं त्यांचं फळ या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांना आजही दाखवलं जातं. त्यांचं म्हणणं असं की चित्र आधी थरांत वेगळं करा: एका थरात फक्त ढोबळ छायाप्रकाश, पुढच्यात त्याहून बारीक आकार, शेवटच्यात सर्वांत बारीक पोत. मग प्रत्येक थर वेगळा सांधा. ढोबळ थराला रुंद सांधा द्या, बारीक थराला अगदी अरुंद. शेवटी सगळे थर पुन्हा एकत्र करा. उजेडाचा फरक रुंद पट्ट्यात विरून जातो आणि ग्रेनची सरासरी होण्याला जागाच मिळत नाही.

घरच्या कामाला दोन थर पुरतात. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये मूळ भागाची एक प्रत करून तिला दहा-बारा पिक्सेलचा `Gaussian Blur` द्यायचा. हा छायाप्रकाशाचा थर. मूळ चित्रातून हा थर वजा केला की उरतो तो पोताचा थर. नव्या तुकड्याचेही असेच दोन थर करायचे. छायाप्रकाश सांधताना ऐंशी-शंभर पिक्सेलचा फेदर, पोत सांधताना तीन-चार पिक्सेलचा. एवढी अरुंद कड उघडी पडेल अशी भीती वाटते, पण पोताच्या थरात उजेडाचा फरक उरलेलाच नसतो, त्यामुळे रेघ दिसायला काही कारण राहत नाही. उत्तम रफूगर नवा धागा जुन्या विणीत घालतो तसं हे आहे. नुसत्या रंगावर त्याचं भागत नाही, धाग्याची जाडीही जुळावी लागते.

ती जाडी कशी जुळवायची? यासाठी एक साक्षीदार आयताच मिळतो. साधनानं आख्खा चौकोन परत दिलेला असतो, म्हणजे मास्कबाहेरची जागा आपल्याकडे दोनदा आहे: मूळ स्कॅनमधली आणि साधनातून जाऊन आलेली. चिरेजवळचा, नक्षी नसलेला सपाट भाग निवडायचा आणि दोन्हीकडे त्याचा हिस्टोग्रॅम पाहायचा. समजा मूळ भागाची सरासरी पातळी 128 आहे आणि परत आलेल्याची 131. म्हणजे साधनानं उजेड तीन पातळ्यांनी वाढवला आहे. तेवढा नव्या तुकड्यातून कमी करायचा. त्याच खिडकीत `Std Dev` असा एक आकडा असतो, तो ग्रेनचा जोर सांगतो. मूळ भागात तो 6 आहे आणि परत आलेल्यात 2.5, असं धरू. म्हणजे निम्म्याहून जास्त ग्रेन साधनानं पुसला आहे. साधन बाहेरची जागा आपणच मूळची ठेवून देत असेल, तर दोन्ही आकडे सारखेच येतील. मग भरलेल्या जागेची तुलना त्याच उजेडातल्या शेजारच्या चांगल्या भागाशी करायची.

आता किती ग्रेन घालायचा? सहातून अडीच वजा करून साडेतीन, असं उत्तर सुचतं आणि ते कमी पडतं. दोन स्वतंत्र ग्रेन एकत्र येतात तेव्हा त्यांचा जोर थेट मिळवता येत नाही. त्यांचे वर्ग मिळवावे लागतात. सहाचा वर्ग 36, अडीचचा सव्वासहा, फरक 29.75, आणि त्याचं वर्गमूळ जवळपास साडेपाच. म्हणजे साडेतीनचा नव्हे, साडेपाचचा ग्रेन हवा. साडेतीन घालून ‘तरी काहीतरी कमी वाटतंय’ असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांच्या नजरेची चूक नसते, वजाबाकीची असते.

जोरासोबत कणाचा आकारही पाहावा लागतो. सॉफ्टवेअरमधला `Add Noise` एकेका पिक्सेलचे टोकदार कण देतो. स्कॅनमधला खरा कण मात्र दोन-तीन पिक्सेल पसरलेला असतो, कारण स्कॅनरचं भिंग आणि कागदाचा पोत दोन्ही त्यात मिसळलेले असतात. म्हणून घातलेला ग्रेन आधी किंचित धूसर करायचा. धूसर केल्यानं त्याचा जोर उतरतो, तेव्हा पुन्हा मोजून तो साडेपाचवर आणायचा. याहून चांगला मार्ग म्हणजे बनावट ग्रेन वापरायचाच नाही. तेवढ्याच उजेडाच्या शेजारच्या सपाट जागेवरून पोताचा थर उचलायचा आणि भरलेल्या जागेवर ठेवायचा. तो त्याच कागदाचा, त्याच स्कॅनरचा असतो. उजेड मात्र सारखाच हवा. ग्रेन मधल्या करड्यात सर्वांत ठळक असतो, गडद काळ्यात आणि पांढऱ्याजवळ तो दबतो. त्यामुळे भिंतीवरचा ग्रेन काळ्या केसांवर ठेवला तर केसांवर धूळ बसल्यासारखी दिसते.

मास्कची कड कुठून जाते हेही महत्त्वाचं आहे. फोटोशॉपमधला हीलिंग ब्रश आणि त्याच जातीची साधनं आतला पोत ठेवून त्याचा उजेड कडेवरच्या पिक्सेलांप्रमाणे बदलतात. या मार्गाचं गणित पात्रिक पेरेझ, मिशेल गांग्ने आणि अँड्र्यू ब्लेक यांनी 2003 साली मांडलं. कड सपाट भागातून गेली तर हे सुंदर चालतं. पण मास्कची कड काळ्या केसांना किंवा ब्लाउजच्या गडद बाहीला लागली, तर तो काळेपणा आत झिरपतो आणि दंडावर डाग उमटतो. म्हणून आपल्या चिरेचा मास्क खांद्यापाशी बाहीच्या आधी थांबवायचा, आणि बाहीच्या आतली चीर वेगळ्या मास्कनं भरायची.

फाइल हाताळतानाही काम बिघडू शकतं. तुकडा जेपीईजीत सेव्ह करू नये. तो प्रकार चित्र आठ-आठ पिक्सेलांच्या चौकटींत दाबतो आणि बारीक ग्रेन आधी त्यात जातो. टिफ किंवा पीएनजी वापरावं. मूळ स्कॅन 16 बिटचा असेल तर शेवटची जोडणीही 16 बिटमध्येच करावी. रंगीत फोटोत कलर प्रोफाइल तपासावं: मूळ फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत आणि तुकडा एसआरजीबी समजून परत आला, तर रंगांचा तजेला सर्वत्र बदललेला दिसतो आणि माणूस तासभर फेदरशी झटत बसतो, जेव्हा दोष सांध्यात नसतोच.

काम झाल्यावर तपासणी करायची ती चार प्रकारे. पहिली: दुरुस्त फोटो मूळ स्कॅनवर ठेवून लेयरचा प्रकार `Difference` करायचा. मास्क आणि त्याचा फेदर सोडून सगळं काळंकुट्ट दिसलं पाहिजे; इतरत्र फिकट आकृत्या दिसल्या, तर तुकडा सरकला आहे किंवा न बदलायचा भाग बदलला आहे. दुसरी: `Curves` अगदी उभी करून कॉन्ट्रास्ट ताणायचा, उजेडाचा उरलेला फरक डागासारखा वर येतो. तिसरी: फक्त पोताचा थर पाहायचा. त्यात भरलेली जागा शांत तळ्यासारखी वेगळी दिसली, तर ग्रेन कमी आहे. चौथी: फोटो 100 टक्क्यांवर आणून त्या भागावरून सावकाश फिरायचं. आख्खा फोटो पडद्यावर बसवून केलेली तपासणी इथं निरुपयोगी आहे, कारण पडदा स्वतःच फोटो लहान करतो आणि ज्या पोतासाठी एवढं केलं तोच लपवतो.

या सगळ्याला एक हद्द आहे. पदराची वीण नियमित असते, म्हणून शेजारच्या विणीवरून ती भरता येते आणि ती बहुतांशी खरी असते. चीर डोळ्यावरून गेली असेल, तर साधन जो डोळा देईल तो कुणाचा तरी डोळा असेल, त्या बाईंचा नव्हे. ग्रेन जितका नेमका जुळेल तितकी ही गोष्ट ओळखणं कठीण होईल. चांगल्या सांध्याचा हा धोका आहे. चेहऱ्यावरची चीर भरायची असेल तर त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो शोधा, आणि तो नसेल तर चीर तशीच ठेवा. मूळ स्कॅनला हात न लावता तो जपा, दुरुस्तीचे तुकडे त्यांच्या आकड्यांसह वेगळ्या लेयरमध्ये ठेवा, आणि छापलेल्या प्रतीच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवा: खांदा आणि पदर नंतर भरलेला आहे.